उणे बावन्न

ह्यांनी काढलेला शेवटचा पेपर मी तपासायला घेतला तेव्हा त्यांना जाऊन दीडेक महिना झाला होता. नसरापूरच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर मी गठ्ठा सोडला. रविवारची दुपार होती. बाहेर रस्त्यावर शेअर रिक्षावाले भोर, भोर म्हणून ओरडत होते. कामाला बसले की बरं वाटेल, असं सगळे सांगत होते, म्हणून बसले होते.

भोर आणि वेल्हे तालुक्यांतले आम्ही गणिताचे शिक्षक दहावीची सराव परीक्षा एकत्र घेतो. पेपर एकाने काढायचा, दुसऱ्याने तो परीक्षेआधी पूर्ण सोडवून पाहायचा आणि मग छापायला द्यायचा, असा नियम आहे. गेली बरीच वर्षं भूमितीचा पेपर ह्यांच्याकडेच असे. आणि त्यांचा पेपर कोणी सोडवून पाहत नसे. त्यात चूक नसते हे सगळ्यांना माहीत होतं. यंदा तो त्यांनी दवाखान्यातल्या खाटेवर बसून, पाठीला दोन उशा लावून काढला. हाताने लिहिलेला कागद मीच भोरला डीटीपीवाल्याकडे नेऊन दिला. नमुना उत्तरं मागाहून लिहितो म्हणाले होते. ती राहिली.

चौथ्या प्रश्नात तीनपैकी दोन उदाहरणं सोडवायची होती, प्रत्येकी चार गुण. त्यातलं दुसरं असं होतं: काटकोन त्रिकोणाचा कर्ण बारा सेंटिमीटर आहे. काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर टाकलेला लंब सात सेंटिमीटर आहे. त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा, आणि त्या लंबामुळे कर्णाचे जे दोन भाग होतात त्यांची लांबी काढा.

पहिल्या तीन-चार मुलांनी क्षेत्रफळ बेचाळीस काढून पुढचं सोडून दिलं होतं. मी दोन-दोन गुण देत गेले. एकाने दोन्ही भाग सहा-सहा असे ठोकून दिले होते. मग पासलीच्या बाजूने आमच्या वेल्ह्याच्या शाळेत येणाऱ्या एका मुलीचा पेपर आला. वर्गात गणितात तीच सर्वांत पुढे. तिने हे उदाहरण तीनदा सोडवलं होतं आणि तिन्ही वेळा वरून खालपर्यंत काट मारली होती. बेचाळीसवरही काट. एक भाग क्ष धरला, दुसरा बारा वजा क्ष. दोघांचा गुणाकार लंबाच्या वर्गाइतका, म्हणजे एकोणपन्नास. वर्गसमीकरण मांडलं, विवेचक काढला. उणे बावन्न. खाली लिहिलेलं, "वास्तव मुळे नाहीत", तेही खोडलेलं. पहिलं उदाहरण तिने घेतलंच नव्हतं, तिसरं सुरू करून अर्ध्यावर सोडलं होतं. वेळ संपली असणार.

मी कागद घेऊन स्वतः सोडवलं. उणे बावन्न. मग आकृती काढली. कर्ण व्यास धरून अर्धवर्तुळ काढलं तर काटकोनाचा बिंदू त्या अर्धवर्तुळावरच असतो. त्रिज्या सहा. सहा त्रिज्येच्या अर्धवर्तुळावरचा कोणताही बिंदू व्यासापासून सातवर जाऊच शकत नाही. असा त्रिकोणच नाही. ज्या बेचाळीसला मी गुण देत आले होते, ते नसलेल्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ होतं.

ह्यांची सवय मला ठाऊक होती. गाइडमध्ये सापडू नये म्हणून ते आकडे बदलायचे. मूळचं तेरा आणि सहा असणार. त्यात भाग चार आणि नऊ येतात, मुलांना सुटतं. तेराचे बारा केले, सहाचे सात केले, आणि पडताळायला ताकद उरली नसावी. मी उत्तरपत्रिका मिटल्या. भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही.

त्या मुलीची बेरीज सत्तावीस भरली, चाळीसपैकी. भोरमधलं एक वसतिगृह ह्या सराव परीक्षेवरून मुली निवडतं. भूमितीत तीस लागतात. निवड झाली तर अकरावी-बारावी सायन्स भोरला राहून. नाही झाली तर पासलीहून भोरला रोज येणं-जाणं कोणाला जमत नाही, आणि मग शिक्षण इथेच थांबेल, असं तिच्या घरच्यांनी सांगूनही टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, "हे का खोडलंस?"

"चुकलं व्हतं म्हणून."

"काय चुकलं होतं?"

"उणे बावन्न येत व्हतं, मॅडम. म्या परत केलं, परत तेच. म्हटलं माझंच कुठंतरी चुकतंय." तिने खोडलेल्या पानाकडे पाहिलं. "सरांचा पेपर व्हता ना."

मी तिला जा म्हटलं.

त्या आठवड्यात भोरला बैठक झाली. एका हायस्कूलच्या शिक्षकखोलीत आम्ही आठ-नऊ जण होतो. मी आत आले तशा गप्पा थांबल्या आणि कोणीतरी पंखा लावला. गटाचे अध्यक्ष ह्यांच्याबरोबर बी.एड.ला होते. त्यांनी मला खिडकीजवळची खुर्ची दिली. मी काही बोलायच्या आत त्यांनीच विषय काढला. म्हणजे चूक इतरांच्याही लक्षात आली होती आणि माझ्याशिवाय त्यावर बोलून झालं होतं.

"चौथ्यातल्या दुसऱ्या उदाहरणाचं असं करू," ते म्हणाले. "क्षेत्रफळ बेचाळीस असेल तर पूर्ण चार गुण. दुसरा भाग विचारात घ्यायचा नाही. मुलांचंही भलं होतं, आणि विषयही मिटतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. माझ्यासाठी केलेली सोय होती ती, आणि तिच्यात कुठे फट नव्हती. चूक होती हे कुठेच लिहिलं जाणार नव्हतं.

"आणि ज्यांनी सगळं खोडलंय त्यांचं काय?" मी विचारलं.

"खोडलेलं आपण कधी तपासतो, वहिनी?" आंबवड्याचे सर म्हणाले. "उद्या मुलं पुसलेलं पण तपासा म्हणतील." एक-दोघं हसले.

"ज्याने पहिल्या ओळीवर सोडून दिलं त्याला चार गुण मिळतील," मी म्हटलं. "आणि जो शेवटपर्यंत गेला, ज्याला हे सुटत नाही हे कळलं, त्याने खोडलं म्हणून त्याला शून्य."

"खोडलं म्हणजे त्याला कळलं नाही."

"कळलं होतं. विश्वास बसला नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "असं म्हणू या की टायपिंगमध्ये गडबड झाली. डीटीपीवाला काही बोलणार नाही, मी सांगतो त्याला. प्रश्न रद्द, सगळ्यांना चार."

मी फक्त गप्प राहिले असते तरी पुरलं असतं. पण तो कागद मी माझ्या हाताने त्या दुकानात दिला होता. बारा आणि सात ह्यांच्याच अक्षरात होते.

"टायपिंग नाही," मी म्हटलं. "त्यांनीच तसं लिहिलं होतं."

मग आंबवड्याचे सर सावकाश म्हणाले, "वहिनी, राग मानू नका. तुमच्या शाळेतलं कोणी अडकलंय का ह्यात?"

"हो. एक मुलगी. वसतिगृहासाठी तीन गुण कमी पडताहेत."

"मग तर तुम्ही बोलायलाच नको."

त्यांचं बरोबर होतं. ह्यांच्यासाठी बोलले तर मुलीवर अन्याय, मुलीसाठी बोलले तर पक्षपात. आणि गप्प बसले असते तर तो पेपर तसाच राहिला असता, पुढच्या वर्षी कोणीतरी सरावाला म्हणून वर्गात सोडवायला दिला असता.

"मी निर्णय देत नाही," मी म्हटलं. "तुम्ही द्या. फक्त सगळ्यांना चार असं करू नका. ज्यांनी दुसरी दोन उदाहरणं सोडवली, ते ह्याच्या वाटेलाच गेले नाहीत. त्यांचं काही बिघडलेलं नाही. ज्यांनी हे हाती घेतलं, त्यांचंच बिघडलं. कुठेही हाती घेतल्याचं दिसलं तर चार, मग खोडलेलं असो की नसो. तिन्ही केली असतील तर चांगली दोन धरायची. आणि आमच्या शाळेचे खोडलेले पेपर मी तपासत नाही, दुसऱ्या शाळेत पाठवते."

"आणि ज्याचा वेळ ह्यात गेला नि पुढचं राहिलं?" एक तरुण शिक्षिका म्हणाली. "त्याचं काय?"

"त्याचं काही करता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "न लिहिलेल्याला गुण कसे देणार?"

त्या मुलीचं तिसरं उदाहरणही तसंच राहिलं होतं.

थोडा वेळ कुजबुज झाली. मग आंबवड्याचे सर म्हणाले, "पाठवा तुमचे पेपर माझ्याकडं. मी कडक आहे, बरं का." अध्यक्षांनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. सगळ्या शाळांना पाठवायची सूचना माझ्याच अक्षरात असावी, असं त्यांना वाटलं. मी लिहिलं: चौथ्या प्रश्नातील दुसरे उदाहरण सदोष आहे, दिलेल्या मापांचा काटकोन त्रिकोण अस्तित्वात नाही. खाली गुणदानाची रीत लिहिली. सदोष हा शब्द लिहून झाल्यावर पेन बराच वेळ तिथेच राहिलं.

"पेपर कोणी काढला ते लिहायचं नाही," अध्यक्ष म्हणाले.

"ते सगळ्यांना माहीत आहे, भाऊजी."

पेपर आंबवड्याहून परत आले तेव्हा त्या मुलीच्या खोडलेल्या पानावर लाल पेनने चार लिहिलेले होते. बेरीज एकतीस. बाजूला बारीक अक्षरात एवढंच: "रीत अचूक." अर्ध्यावर राहिलेल्या तिसऱ्या उदाहरणाला एक गुण मी आधीच दिला होता, त्याहून जास्त देता येत नव्हता.

मी वर्गात पेपर वाटले आणि फळ्यावर अर्धवर्तुळ काढलं. व्यास बारा. त्रिज्या सहा. लंब सात का होऊ शकत नाही ते दाखवलं. ह्या वर्गालाही ह्यांनी दिवाळीच्या सुट्टीत येऊन भूमिती शिकवली होती. मागच्या बाकावरून एकजण उठून म्हणाला, "मॅडम, सरांनी मुद्दाम दिलं आसंल. आमाला वळखू येतंय का बगायला."

सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणावं, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच म्हणावंसं वाटत होतं, आणि कोणी कधी पडताळलं नसतं.

"नाही," मी म्हटलं. "चुकला प्रश्न. सरांचं चुकलं."

ते वाक्य घरात मी स्वतःशीही म्हटलं नव्हतं. मी फळ्याकडे वळले आणि डस्टर उचललं.

"पुसू नका, मॅडम," ती मुलगी म्हणाली. वही उघडून पट्टी शोधत होती. "उतरून घ्यायचंय अजून."

मी डस्टर खाली ठेवलं आणि ती आकृती काढेपर्यंत बाजूला उभी राहिले.