मिठागरांच्या अहवालावर माझा अभिप्राय

रोह्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आम्ही गटागटाने प्रकल्प केले. मॅडमनी प्रत्येकीला दुसऱ्या गटाच्या कच्च्या अहवालावर लेखी अभिप्राय द्यायला सांगितला. माझ्याकडे मैत्रिणीच्या गटाचा, पेणच्या खाडीकडच्या मिठागरांवरचा अहवाल आला. मी लिहिलं, "खूप छान." मॅडमनी कागद परत केला. "हे लग्नाच्या जेवणालाही चालेल. अहवाल वाचून लिही."

मग मी नीट वाचलं आणि लिहिलं: "मिठागरात काम करणाऱ्या तुझ्या काकीची मुलाखत सगळ्यात जिवंत आहे, ती शेवटी न ठेवता सुरुवातीला घ्या. दुसऱ्या पानावर 'मिठागर' आहे, पाचव्यावर 'लवणनिर्मिती क्षेत्र'. वाचणाऱ्याला दोन वेगळ्या जागा वाटतात. एकीने सगळं सलग वाचून एकच शब्द ठेवा. 'शासनाने लक्ष द्यावे' म्हणजे नक्की काय करावं? भरतीला बांध फुटतो असं काकी सांगतात, तिथूनच मागणी लिहा."

कागद वाचून मैत्रीण दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी पेणची एसटी लागली, तशी मात्र शेजारी येऊन बसली.

"ते लवणनिर्मिती मीच लिवलं गो. भारी वाटलं."

"मलाही वाटलं. पण काकीला कळेल?"

"नाय!" ती हसत सुटली. "ती विचारंल, ही कुठली नवी कंपनी आली?"

नागोठणं येईपर्यंत तिने पाचवं पान दुरुस्त केलं. मग माझ्या गटाचा अहवाल मागून घेतला आणि पहिल्याच ओळीतल्या एका भारी शब्दाखाली रेघ मारली.