वहिनीच्या नावाचं बिल

माझी थोरली जाऊ गेली अकरा वर्षं गणवेश शिवण्याचं छोटं युनिट चालवते. हाताखाली तीन बायका, कागदपत्रांना मी. कापडाची चिंधीही ती वाया जाऊ देत नाही, मग बिलाचं काय सांगावं!

यंदाच्या मोठ्या खरेदीचं बिल आलं ते तिच्या नवऱ्याच्या नावाने. वर त्यांच्या कधीच्या बंद झालेल्या दुकानाचा टॅक्स नंबर. कर सल्लागार म्हणाले, "खरेदीवर भरलेला कर वजा हवा असेल, तर बिलावर युनिटचं नाव आणि युनिटचाच नंबर लागतो. तेही याच महिन्याच्या तारखेचं." नाहीतर पूर्ण कर खिशातून, म्हणजे बायकांच्या मजुरीतून.

जावेने कापडवाल्यांना फोन केला. "दादा, नाव चुकलंय."

"बदलतो की वहिनी!"

दोन दिवसांनी बिल आलं. क्रमांक तोच, टॅक्स नंबरही जुनाच. नावाच्या जागी मात्र 'वहिनी'.

आम्ही दोघी दुकानात गेलो. कारकून हसून म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये तुम्ही वहिनीच आहात."

"तुमच्या कॉम्प्युटरला मी वहिनी असेन. टॅक्सच्या ऑफिसात माझा कोणी दीर बसलेला नाही!"

त्याने पेन काढलं. "मग खोडून नाव लिहितो, वर शिक्का मारतो."

"पेनाने काही चालत नाही. हे बिल रद्द करणारी क्रेडिट नोट द्या आणि नवं बिल काढा."

मालक गल्ल्यावरून दचकले. "क्रेडिट नोट? म्हणजे पैसे परत मागताय?"

"छदामही नको. एका कागदाने वजा, दुसऱ्याने तेवढेच जमा."

"ते आमचे अकाउंटंट करतात. सोमवारी येतील."

त्या दिवशी शुक्रवार होता आणि शनिवारी महिना संपत होता. जाऊ दोन तास स्टुलावर बसून राहिली. मी मनात देवाचं नाव घेत होते. अकाउंटंटचा फोन काही लागला नाही.

सोमवारी सगळं बिनचूक मिळालं. जावेने एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचलं. नाव बरोबर, नंबर बरोबर, तारीख नव्या महिन्याची. म्हणजे कर वजा होणार तो पुढच्या खेपेला. सरलेल्या महिन्याचा पूर्णच भरावा लागला.

आठवड्याची मजुरी वाटताना तिने तिघींना अर्धीच दिली, उरलेली पुढच्या महिन्यात देते म्हणाली. काजं करणारी जरा तोंडाळ आहे. पैसे मुठीत धरून तिने विचारलं, "चूक त्यांची, मग पगार आमचा का थांबला, ताई?"

जावेने हातातल्या दोन बांगड्या उतरवून माझ्यापुढे ठेवल्या. "सोनार दुकान बंद करायच्या आत जाऊन ये," म्हणाली. "आणि पावती माझ्या नावाची आण. पूर्ण नावाची!"