सेलमधली चादर आणि साडेपाच सेंटीमीटर

भिवंडीजवळच्या अंजूरला आमच्या सासऱ्यांचं भाताचं शेत होतं, तिथे आता गोडाऊन आहे. बिल्डरने जागेच्या बदल्यात जे दिलं त्यात रस्त्याकडेचा एक गाळा आमच्या वाट्याला आला. माझा नवरा आणि दीर दोघंही नोकरीला, त्यामुळे गाळा रिकामाच पडून होता. मग मी आणि माझ्या धाकट्या जावेने तिथून चादरी विकायला सुरुवात केली. दुकान नाहीच, सगळं ऑनलाइन. एक डबल चादर, दोन उशांचे अभ्रे, चेनच्या पिशवीत पॅक. माल भिवंडीतल्या एका लूमवाल्या चाचांकडून घ्यायचो. त्यांच्या घरात तीन पिढ्या कापडाचा धंदा.

कामाची वाटणी आपोआप झाली होती. फोटो, रंग, गिऱ्हाइकांचे प्रश्न आणि उत्साह माझ्याकडे. हिशेब जावेकडे. लग्नाआधी ती काल्हेरच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंगला होती, त्यामुळे तिला कुठलाही कागद दिला की ती आधी खालचा आकडा बघते.

दिवाळीच्या दीड महिना आधी मार्केटप्लेसच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. आमचं अकाउंट तीच सांभाळायची.

"मॅम, तुमची निळ्या फुलांची चादर मोठ्या सेलसाठी निवडली गेलीये. पहिल्या पानावर दिसेल."

पहिल्या पानावर! मी विचारलं, "किती डिस्काउंट देताय तुम्ही?"

"मॅम, डिस्काउंट सेलर-फंडेड आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही देताय."

मला वाटलं, असूदे, पहिलं पान आहे. तिने पुढे सांगितलं की सेलचा भाव गेल्या तीस दिवसांतल्या आपल्या सगळ्यात कमी भावापेक्षा पाच टक्के तरी खाली हवा. सहाशे नग ठरलेल्या तारखेच्या आत त्यांच्या गोडाऊनला पोचले पाहिजेत, ते सेलसाठीच राखून ठेवतात. आणि शनिवारी संध्याकाळी सहाला यादी लॉक होणार. त्यानंतर माघार घेतली तर अकाउंटचं रेटिंग पडतं, पुढच्या सेलला आपल्याला उभं करत नाहीत.

"शनिवारपर्यंत बदल करता येईल ना?" मी विचारलं.

"सहापर्यंत. सहा वाजून एक मिनिटाला नाही."

मी त्याच फोनवर हो म्हणून टाकलं आणि फॉर्म भरला. चाचांना फोन केला. आमच्याकडे दोनशे चाळीस नग होते, तीनशे साठ हवे होते. चाचा म्हणाले, "वहिनी, देतो. पण शिवणारे पण माणसंच हायेत, मला दहा दिवस द्या." मी तेही कबूल केलं. मग संध्याकाळी चहा घेताना जावेला सांगितलं.

तिने कप खाली ठेवला. "ताई, भाव किती टाकलास?"

"पाचशे एकोणीस."

"पाचशे एकोणीस? आपली चादर सहाशे एकोणपन्नासला आहे. पाच टक्के कमी म्हणजे सहाशेच्या वरच राहायला हवं."

आता खरं सांगायची वेळ आली होती. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या माहेरच्या मैत्रिणीने फोन केला होता, की तुझी चादर आवडली पण जरा महाग वाटते. मी दोन दिवसांसाठी सगळ्याच रंगांचा भाव पाचशे एकोणपन्नासवर आणला होता, तिने घेतल्यावर परत वर नेला होता. कुणालाच सांगितलं नव्हतं. मशीनच्या मात्र सगळं लक्षात होतं.

"आणि मैत्रिणीने घेतली?" जावेने विचारलं.

"एकच घेतली. तीही बेज रंगाची."

तिने मला ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही, पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन बसली, आणि मला तेच जास्त लागलं. पाचशे एकोणीसमधून ती एकेक वजा करत गेली. जीएसटीचे पंचवीस. मार्केटप्लेसचं कमिशन बासष्ट. दर ऑर्डरची ठरलेली फी पंचवीस. कुरिअरचे अठ्ठ्याण्णव. चाचांचे दोनशे पंचाऐंशी. पॅकिंग चौदा. परत येणाऱ्या मालाचे म्हणून सरासरी वीस. मग पुठ्ठा माझ्याकडे सरकवला. उत्तरापुढे उणे दहा लिहिलं होतं.

"म्हणजे एक चादर विकली की दहा रुपये आपण वर द्यायचे," ती म्हणाली. "सहाशे चादरी विकल्या तर सहा हजार. पहिल्या पानावर."

मी म्हटलं, उद्या सकाळी फॉर्म काढून टाकते. आणि आत जाऊन पडले. खरं तर मला रडू येत होतं. चादरीसाठी नाही, मी त्या मैत्रिणीचं कुणाला सांगितलं नव्हतं म्हणून.

सकाळी गाळ्यात गेले तर जाऊ माझ्या आधी आलेली. तिच्या हातात शिंप्याची टेप, समोर एक चादरीचं पाकीट, आणि शेजारी किराणा दुकानातून आणलेला वजनकाटा.

"ताई, कुरिअरचे अठ्ठ्याण्णव कसे लागतात माहितेय? आपलं पाकीट दीड किलोत धरतात."

"चादर किलोचीच आहे की."

"वजनाची किलोची. पण मापाचीही किंमत असते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले पाच हजार. जे जास्त येईल ते धरायचं. ऑफिसात रोज हेच करत होते मी." तिने टेप लावली. बत्तीस बाय अठ्ठावीस, उंची आठ. "एक पूर्णांक चार किलो. यात अर्धी हवा आहे, ताई. आपण हवेचं भाडं भरतोय. एक किलोत बसलो तर सत्तर रुपये पडतात. अठ्ठावीस वाचले. उणे दहाचे अधिक अठरा."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. "किती बारीक करायचं?"

"साडेपाच सेंटीमीटर. एक मिलिमीटर जास्त नाही. आणि वजनही किलोच्या आत."

शुक्रवार होता. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्यांना वाटलं, घरात काही बिनसलंय, म्हणून घरून चालत आल्या होत्या. आम्ही दोघी चादर दाबताना त्यांनी बघितलं.

"काय गो, तिला मारताय की काय?"

आम्ही सगळं सांगितलं. आईंनी पदर खोचला. "सरका," म्हणाल्या, आणि चादरीच्या पाकिटावर बसल्या. जावेने बाजूने टेप लावली. "पाच!" ती ओरडली. आई उठल्या. पाकीट उसासा टाकल्यासारखं फुगलं आणि सात झालं.

"बसा परत, आई."

आई बसल्या. पाच. उठल्या. पावणेसात. पाच-सहा वेळा असं झाल्यावर आई बसल्या-बसल्या म्हणाल्या, "मी हिच्यासंगं कुरिअरला जाव का? न्हाय तर हाय तशी ऱ्हायाची न्हाय."

आम्ही दोघी इतक्या हसलो की जावेच्या हातातली टेप सुटली. आईंना हसायचं कारण कळेना, त्या तशाच ऐटीत बसून होत्या. नेमके त्याच वेळी चाचा कापडाचे नमुने घेऊन दारात आले. चादरीवर बसलेल्या आई, जमिनीवर हसणाऱ्या दोन सुना, समोर वजनकाटा. चाचांनी चप्पल बाहेर काढली आणि शांतपणे विचारलं, "आम्ही नंतर येऊ का?"

जावेने त्यांना मापाचं सगळं समजावलं. चाचांनी पाकीट हातात घेतलं, चेन उघडली आणि मान हलवली. "वहिनी, ही पॅकिंग कोणी शिकवली? अभ्रे गुंडाळून मधोमध ठेवलेत. चादरीला पोट आलंय, पोट!" त्यांनी दोन्ही अभ्रे सोडले, सपाट केले आणि चादरीच्या घडीत पसरून घातले. मग आतला पुठ्ठा काढून बाजूला टाकला. "हा कशाला? हा पण तोलात जातो ना." काट्यावर पाहिलं, पुठ्ठ्यासकट एक किलो वीस ग्रॅम, पुठ्ठा काढल्यावर नऊशे साठ. मग पिशवी बघितली. "चेनच्या पिशवीत हवा कोंडते. साधी पातळ पिशवी घ्या, खाली दोन भोकं पाडा. बस."

साधी पिशवी आणली, दोन भोकं पाडली, चादर घातली, वरून हात फिरवला. भोकांतून हवा बाहेर पडल्याचा बारीक आवाज झाला. जावेने टेप लावली. आम्ही चौघंही वाकून बघत होतो.

"पाच पूर्णांक तीन," ती म्हणाली.

आई म्हणाल्या, "मग मी कशाला बसले इतका येल?"

शनिवारी सकाळी मी त्या मुलीला फोन करून सांगितलं की पॅकिंग बदललंय, नवीन माप नोंदवायचंय. ती म्हणाली, नवा माल गोडाऊनला आला की तिथे मोजतात आणि त्यानंतर दर बदलतो. जावेने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "म्हणजे सेलच्या आधी मोजतील ना? लेखी द्या." तसा ईमेल पाच वाजता आला. तेव्हाच तिने मला म्हटलं, आता राहू दे फॉर्म. सहा वाजले, यादी लॉक झाली, आणि मी स्वतःच्या मोबाइलकडे बघत बसले, तो काही तरी बोलणार असल्यासारखी.

पुढचे दहा दिवस आम्ही दोघी चादरी उघडून परत घड्या घालत होतो. जुन्या दोनशे चाळीस नगांची प्रत्येक चेन उघडायची, पुठ्ठा काढायचा, अभ्रे पसरायचे. चाचांचे तीनशे साठ नग नवव्या दिवशी आले, आधीच सपाट घडी घालून. टेम्पो भरून माल मार्केटप्लेसच्या गोडाऊनला गेला. आमच्या गाळ्यातून त्याचा पत्रा दिसतो. पायी दहा मिनिटं लागतात, पण गेटवर आमच्या टेम्पोला चार तास उभं राहावं लागलं. माप मोजलं गेलं, पाच पूर्णांक चार आलं. जावेने त्या नोंदीच्या पानाचा फोटो काढून ठेवला.

सेल सुरू झाल्यावर आमची चादर पहिल्या पानावर नव्हती. आतल्या पानावर खाली सरकवल्यावर चौथ्या ओळीत दिसायची, एका कुकरच्या आणि एका चार्जरच्या मध्ये. तरीही दुसऱ्या दिवशी दुपारी सहाशेच्या सहाशे संपल्या. आम्ही एकमेकींना टाळ्या देत असतानाच पहिली तक्रार आली. एका बाईने लिहिलं होतं, 'पाकीट इतकं पातळ आहे की आत चादरच नाही, नुसते अभ्रे आहेत.' मी तिला लिहिलं, 'मॅडम, कृपया उघडून बघा.' अर्ध्या तासाने उत्तर आलं, 'आहे. चांगली आहे. सॉरी.' पुढे पाच जणींनी तर पाकीट न उघडताच परत केलं, आणि रंग आवडला नाही म्हणून परत करणारे वेगळेच.

सगळे पैसे जमा होईपर्यंत महिना गेला. जावेने शेवटी पुठ्ठा समोर ठेवला. अठराचे अकरा राहिले होते, पण अधिकच होते. ती म्हणाली, "परत येणाऱ्यांसाठी वीस धरले होते, सत्तावीस धरायला हवे होते. ही माझी चूक."

हे तिने सहज म्हटलं, भांडी घासताना म्हणावं तसं. मला माझी चूक इतक्या सहज सांगता आली नव्हती. मग मी जिथून भाव बदलतात त्या सेलर पॅनलचा पासवर्ड तिच्यासाठी कागदावर लिहिला आणि दिला. भावाला मी हात लावायचा नाही, असं आमचं ठरलं. ती म्हणाली, मैत्रीण असेल तरी? मी म्हटलं, मैत्रीण असेल तर आधी तुला विचारीन.