भागिले बारा

"आवाज खाली करा, गांगुर्डे. ही तुमची टूलरूम नाही."

"आवाजाचं मागून बघू, ताई. आधी सांगा, माझे पाच हजार गेले कुठं?"

"कुठंच गेले नाहीत. सगळे ह्याच पानावर आहेत."

पर्सोनेल ऑफिसातल्या तृप्तीनं नेमणूकपत्रामागचं पान पुढं सरकवलं. सिन्नरच्या एमआयडीसीतला हा कारखाना नवा, तृप्ती पंचविशीची, आणि समोर उभा वाल्मीक गांगुर्डे छत्तीस वर्षांचा. मूळचा निफाडचा. आयटीआय करून चौदा वर्षं सातपूरच्या एकाच कारखान्यात डाय बनवणारा. मायक्रोमीटर दोनदा लावल्याशिवाय त्यानं कधी लोखंडाला हात लावला नव्हता. "वाल्मीकनं मोजलं ना? मग चालू कर," असं टूलरूममध्ये म्हणायचे.

पॅकेजही त्यानंच मोजलं होतं. वर्षाला दोन लाख सोळा हजार. कँटीनच्या टेबलावर खडूनं भागिले बारा. अठरा हजार! जुन्या कारखान्यात त्याच्या हातात सव्वातेरा पडायचे. त्यानं राजीनामा दिला, शनिवारी हिशेब घेतला.

"बेसिक सात हजार दोनशे," तृप्ती पेन टेकवत गेली. "घरभाडं, प्रवास, स्पेशल अलाउन्स धरून चौदा हजार."

"आणि वरचे चार?"

"पीएफमधला कंपनीचा वाटा आठशे चौसष्ट."

"तो कंपनीनं द्यायचा असतो!"

"देतेच की. तुमच्या पॅकेजमधून देते. मग ग्रॅच्युइटी तीनशे सेहेचाळीस. ती सोडताना मिळते, पाच वर्षं टिकलात तर. विम्याचा हप्ता एकशे नव्वद, बस-कँटीन सहाशे. आणि दोन हजार महिना इन्सेंटिव्ह."

"तो तरी हातात?"

"वर्षाच्या शेवटी. कंपनीला नफा झाला तर." पेन खाली उतरलं. "राहिले चौदा. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ आणखी आठशे चौसष्ट, प्रोफेशनल टॅक्स दोनशे. हातात बारा हजार नऊशे छत्तीस."

वाल्मीकनं खुर्ची ओढून पान स्वतःकडं वळवलं. "म्हणजे सातपूरपेक्षा कमी. तिथं हे सगळं पगाराच्या वर होतं. दिवाळीचा बोनससुद्धा."

"तिथला आकडा हातातला होता, दादा. आमचा आकडा कंपनीच्या खर्चाचा. तुम्ही दोन्ही एकाच काट्यावर ठेवलेत."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत कुठं?" ती थोडी ओशाळली, मग दाराकडं बघून हळू म्हणाली, "एक सांगते. तुमचं नाव मंजूर झालं ते टीम आणताय म्हणून. सातपूरहून तुमच्या मागं येणारी ती पाच माणसं आली नाहीत, तर साहेब हे पत्रही परत घेतील. सही करा. परवा हजर व्हा."

"त्यांच्या पत्रांना पण असलंच पान आहे?"

"सगळ्यांना एकच साचा."

वाल्मीकनं सही केली.

सिन्नरहून परतताना जीपमध्ये तो आपल्याच मांडीवर बोटानं आकडे लिहीत होता. त्या पाचांतल्या हिरामणला सातपूरला साडेअकरा हातात पडत होते. इथलं पॅकेज महिना पंधरा. हाच साचा लावला तर पावणेअकराच्या आसपास. ड्रायव्हर म्हणाला, "मास्तर, परीक्षा हाय का?" वाल्मीकचं बोट चालूच राहिलं. वाटेतल्या शिंदे गावापासून आभाळ काळं होत चाललं होतं, आणि सातपूर येईपर्यंत दुपारीच दुकानांत दिवे लागले.

जुन्या कारखान्यासमोरच्या टपरीवर हिरामण उभा होता. दहा वर्षं वाल्मीकच्या शेजारच्या मशीनवरचा माणूस. मागं बाकावर बाकीचे चौघं. सगळ्यांचं ठरलं होतं: आधी वाल्मीकचं पत्र पक्कं होऊ दे, मग शिफ्ट बदलताना एकदमच राजीनामे द्यायचे.

"आले, साहेब आले!" हिरामण ओरडला. "इनचार्जसाहेबांना चहा दे रे, साखर जास्त!"

वाल्मीकनं ग्लास घेतला.

"झालं ना पक्कं?"

"झालं. सही केली."

"बघा! मी म्हणत नव्हतो?" हिरामण चौघांकडं वळला. "आणि हा फकिरा म्हणतो, जरा चौकशी करू. अरे, वाल्मीकनं मोजलंय!" त्यानं खिशातला घडीचा कागद काढला. "कालच फ्लॅटवाल्याला इसार देऊन आलो. आमच्या घरची भिमाबाई म्हणाली, पंधरा येणार तर सहाचा हप्ता काय जड आहे? नऊ उरतात घरात."

आत भोंगा झाला. गेट उघडलं. चौघं बाकावरून उठले.

"चला," हिरामण म्हणाला आणि दोन पावलांवर थांबला. "काय रे, तुझं तोंड का उतरलंय?"

"जीपमध्ये मळमळलं."

"वाल्मीक." हिरामणचा आवाज खाली आला. "तिथं हातात तेवढेच पडतात ना? पंधरा म्हणजे पंधरा?"

फकिरा पण थांबला होता. गेटवरचा वॉचमन सगळ्यांना आत जायची घाई करत होता.

"फक्त एवढंच सांग. हातात किती?"

वाल्मीकनं भरलेला ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला, वरच्या खिशातून डोकावणारं पत्र आत ढकललं आणि त्र्यंबक रोडच्या दिशेनं चालू लागला.