ताज्या दुधाची पाटी

भोरच्या बाजारात मालकांनी दुकानावर पाटी लावली, ‘सकाळचं ताजं दूध’. दूध आणणारा मात्र मी एकटाच. तीन गावं फिरून कावड पोचेपर्यंत ऊन चढायचं, म्हणून मालक दोन गावांचं दूध आदल्या संध्याकाळीच मागवायचे आणि सकाळी त्यात माझं ताजं ओतायचे. गिऱ्हाइकानं घरी तापवलं की सगळंच नासायचं.

लोक भांडायला आले, तेव्हा मालकांनी पाटी आणखी मोठी रंगवून घेतली. म्या कावड त्यांच्या पुढ्यात ठेवली.

“गावागणिक एक माणूस लावा. संध्याकाळचं दूध येगळं इका. तवर म्या ही कावड उचलणार न्हाई.”

“आन् पाटी?” मालकांनी विचारलं.

म्या पाटीवर बोट टेकवलं. बोटाला रंग लागला.

“दुकानात ताजं म्हणाल, तर एवढंच हाय!”