विष्णुपंतांसारखंच द्या

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक कारखाना होता. शरयू लिमये तिथं कार्मिक विभागात अकरा वर्षं नोकरी करत होती. साल सत्त्याण्णव. कारखान्यात नुकतेच बारा कॉम्प्युटर आले होते आणि नव्या माणसाचे हाल वाढले होते. वाईहून आलेली ज्ञानदा नावाची मुलगी तर टेबल आणि पासवर्डची वाट बघत आठ दिवस नुसती बसून राहिली आणि नवव्या दिवशी आलीच नाही.

ते शरयूला फार लागलं. तिनं एकपानी तक्ता केला. माणूस रुजू होण्याच्या दहा दिवस आधी तो निघायचा. रुजू होण्याची तारीख, हुद्दा आणि ओळखपत्र हे काम शरयूचं. नव्या माणसाला कुठल्या फायली बघाव्या लागतील आणि कुठल्या बदलाव्या लागतील, हे त्याच्या साहेबानं लिहायचं. तेवढंच वाचून कॉम्प्युटर विभागातल्या पुष्करनं मशीन लावायचं, खातं तयार करून बंद ठेवायचं आणि माणूस हजर झाला की उघडायचं. तिघांच्या तीन सह्या. तक्ता लागू झाला आणि नवी माणसं पहिल्याच दिवशी कामाला लागू लागली. शरयूला त्याचा अभिमान होता.

जुलैत कुंडलचा नागसेन बनसोडे नियोजन विभागात लागला. आधी तिथं विष्णुपंत होते, ते मे महिन्यात निवृत्त झाले. नागसेन सकाळी नऊला आला. डिस्पॅचचा जालिंदर माने रोज शरयूबरोबर चहा घ्यायचा; त्यानंच स्वतः उचलून नागसेनला खुर्ची आणून दिली. टेबल, मशीन, बंद पाकिटात पासवर्ड, सगळं तयार होतं.

अकरा वाजता नागसेन शरयूच्या दारात उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, जरा येता का? मी बघू नये असं कायतरी उघडलंय."

पडद्यावर यादी होती. 'कमी करावयाची पदे.' तेवीस नावं. सातवं नाव जालिंदर माने.

शरयू कार्मिक विभागात असून तिला याची गंधवार्ता नव्हती. तेवढ्यात पलीकडून जालिंदरनं हाक मारली, "नागसेन, चा आलाय रं, ये की!" नागसेननं घाईघाईनं पडदा बंद केला. त्याला मान वर करता येईना.

शरयूनं पुष्करला फोन करून नागसेनचं खातं बंद करायला लावलं आणि तक्ता घेऊन यायला सांगितलं. गोपनीय फायली नव्या पोराला दिल्याच कशा, असं ती चिडून विचारणार होती. पुष्करनं कागद पुढं ठेवला.

"मॅडम, हे तुमचं अक्षर आहे."

साहेबाच्या रकान्यात तिनंच लिहिलं होतं, 'विष्णुपंतांसारखंच द्या.' पाच दिवसांपूर्वी लालासाहेब भोईटे, म्हणजे नियोजनाचे साहेब, पुण्याला गेले होते. रकाना कोरा होता. तक्ता वेळेत पुरा व्हावा म्हणून तिनं तो भरून टाकला आणि साहेबांची सही नंतर घेऊ म्हणून तक्ता पुढं पाठवला. विष्णुपंत लालासाहेबांची गुप्त टिपणंही टाईप करत, हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुपारी पुण्याहून परतलेले लालासाहेब हे कळताच भडकले. "पहिल्याच दिवशी फायली उचकतो? आजच घरी पाठवा त्याला!"

"त्यानं उचकलं नाही, साहेब. आपण दिलं ते त्यानं उघडलं आणि लगेच येऊन सांगितलं. काय द्यायचं ते तुम्ही लिहायचं होतं, ते राहिलं. मी लिहायला नको होतं, ते लिहिलं. कारवाई माझ्यावर करा."

शरयूला मेमो मिळाला. नागसेन राहिला. दोन दिवसांनी लालासाहेबांनी स्वतः रकाना भरला: उत्पादनाचं वेळापत्रक बदलायचं, मालाचा साठा फक्त बघायचा. तक्त्यात शरयूनं दोन ओळी वाढवल्या. साहेबाचा रकाना कोरा असेल तर खातं उघडायचं नाही. जुन्या माणसाचे अधिकार नव्याला जसेच्या तसे द्यायचे नाहीत आणि जुन्याचं खातं त्याच्या शेवटच्या दिवशीच बंद करायचं.

यादीबद्दल शरयू आणि नागसेन दोघांनीही कुणा कामगारापुढं तोंड उघडलं नाही. शरयूनं वरच्या साहेबांकडं जालिंदरसाठी शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. दिवाळीनंतर नोटिसा निघाल्या. जालिंदर नोटीस घेऊन तिच्यासमोर बसला.

"आवं मॅडम, तुमाला ठावं व्हतं का?"

तिला नाही म्हणता आलं असतं.

"होय, जालिंदरभाऊ. जुलैपासून."

जालिंदरनं नोटिशीची घडी घातली. "आन् रोज चा पीत व्हता की माझ्यासंगं," एवढंच म्हणाला आणि उठला. शरयूसमोर दहा दिवसांनी रुजू होणाऱ्या मुलीचा तक्ता सहीसाठी पडला होता.