मी बाबांचा भाडेकरू

फेब्रुवारी लागला की आमच्या शाळेत शिकवणं थोडं बाजूला पडतं आणि सगळा स्टाफ आयकराच्या मागे लागतो. ज्यांनी घरात कधी दुधाचा हिशेब विचारला नाही, ते लोक विम्याच्या पावत्या छातीशी धरून फिरतात. आता नव्या करपद्धतीत बऱ्याच सवलती गेल्या, त्यामुळे ती मजा कमी झाली. पण मी सांगतोय ती गोष्ट काही वर्षांपूर्वीची, आम्ही सगळे जुन्या पद्धतीनं कर भरत होतो तेव्हाची.

सगळ्यांची विवरणपत्रं भरून द्यायचे आमचे गणिताचे सर. पैसे घेत नसत. अट एकच, मध्ये बोलायचं नाही. त्या वर्षी माझा कर पाहून मी मध्ये बोललोच. म्हणालो, "सर, एवढा कर? घर चालवू की सरकार?"

सरांनी पेन थांबवलं. "घरभाडं किती देता?"

"काहीच नाही. बाबांच्या घरात राहतो."

"घर कोनाच्या नावावर हाय?"

"बाबांच्याच."

"मंग बाबांले भाडं द्या ना! भत्ता उचलता अन् सूट सोडून देता, येडे का तुमी?" मग एकदम कडक आवाजात, "पन खोट्या पावत्या म्या लावत नाही, सांगून ठेवतो. येत्या एप्रिलपासून दर महिन्याले खरंच द्या, मंग पुढच्या वर्षी पाहू."

पाठकोऱ्या प्रश्नपत्रिकेवर त्यांनी मला हिशेब मांडून दाखवला. तीन आकडे काढायचे. पहिला, आपल्याला मिळणारा घरभाडे भत्ता. दुसरा, आपण दिलेल्या भाड्यातून पगाराचे दहा टक्के वजा करून उरतात ते. तिसरा, पगाराचे चाळीस टक्के; मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई इथे राहत असाल तर पन्नास. तिघांत जो सगळ्यात लहान, तेवढ्या रकमेवर कर नाही. माझा मूळ पगार साठ हजार, भत्ता त्याच्या नऊ टक्क्यांनी चोपन्नशे. भाडं आठ हजार धरलं तर त्यातून सहा हजार जाऊन उरले दोन. चाळीस टक्के म्हणजे चोवीस हजार. लहान आकडा दोन हजारांचा. आठच हजार का, तर वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की घरमालकाचं पॅन कार्ड मागतात, तेवढी कटकट नको.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती चहा गाळत होती. म्हणाली, "म्हनजे वर्षाले पाच हजार वाचवाले शहाण्णव हजार देनार तुमी?"

"घरातच राहतील ना गं."

"मले काय," ती म्हणाली, "पन बरंच हाय. बाबांच्या हातात काही राहील."

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. बाबा शिंपी. दारव्ह्याच्या बाजारात चाळीस वर्षं दुकान चालवलं, त्यातून हे चार खोल्यांचं घर बांधलं, मला शिकवलं. मग डोळ्यांनी दगा दिला. सुईत दोरा जाईना म्हणून मशीन विकलं आणि दुकान सोडलं. तेव्हापासून त्यांना पैसे लागले की ते माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसत. काच कितीही स्वच्छ असो, पुसणं चालूच. मी विचारायचो, "काही पाह्यजे का बाबा?" मग ते मोठ्या कष्टानं पन्नास-शंभर मागायचे, कशाला पाहिजेत ते सविस्तर सांगायचे. मला ते ऐकवत नसे. आधीच देऊन टाकावेत तर म्हणत, "काहून? म्या मांगतलं का?" अशा माणसाचं करायचं काय, मला कळत नव्हतं.

भाड्याची गोष्ट काढली तेव्हा बाबांनी ती सावधपणे ऐकली. "सरकारचं काम हाय का?"

"सरकारचंच."

"मंग देजो. सरकारच्या कामात आडवं येनं बरं नाही."

हिशेब समजावताना मी त्यांना शहरांचंही सांगितलं. म्हटलं, आयकराच्या या नियमात चार मोठी शहरं सोडली तर बाकी सगळी एका रांगेत, नागपूर काय आणि दारव्हा काय, दोघांना चाळीसच टक्के.

बाबा सरसावून बसले. "नागपूर अन् दारव्हा सारखंच? सरकार म्हन्ते?"

"यापुरतं सारखंच."

"मंग आठ हजार कायचे? नागपुरात चार खोल्याचं काय भाव चालून राह्यलं, पाह्य जरा!"

घरमालक व्हायला त्यांना एवढासा वेळ लागला.

एक एप्रिलला सकाळी ते ओसरीवर खुर्ची टाकून बसले. अंगात इस्त्रीचा सदरा, समोर नवं कोरं पावतीबुक. मी आठ हजार दिले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, एक उजेडात धरून पाहिली. मग पावती लिहिली, रसीद तिकीट जिभेला लावून चिकटवलं, त्यावर सही केली. रोख पाच हजारांच्या वर असली की तिकीट लागतं, हे त्यांना मी सांगायची गरज पडली नाही. दुकानदार माणूस!

मग वर्षभर आमचं नातंच बदललं. न्हाणीतला नळ गळायचा. मी तक्रार केली, "घरमालक, नळ दुरुस्त करून द्या." त्यावर बाबा म्हणाले, "पाह्यतो. भाडेकरू लय कुरकुऱ्या भेटला." एकदा पगार उशिरा झाला तर चार तारखेला ओसरीवरून मोठ्यानं खाकरले, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. मी चिडलो. आतल्या आत बरंही वाटलं, हे सांगून टाकतो.

कारण ते दाराशी येणं थांबलं होतं. चष्मा काच मळली की पुसला जायचा, एरवी नाही. बाबा सकाळी चौकात जाऊन स्वतःच्या पैशानं चहा प्यायचे, दोस्ताला पाजायचे. आमच्या मुलीला त्यांनी रंगाची पेटी आणली आणि किंमत मला सांगितली नाही. उरलेले पैसे डब्यात ठेवत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भाडेकरूनं घरमालकाचे पैसे विचारू नाही."

पुढचा फेब्रुवारी आला. सरांनी तोवरच्या अकराच्या अकरा पावत्या लावून माझं विवरणपत्र केलं, दोन हजार महिन्याची सूट धरली, कागद यवतमाळला वेतन पथकाकडे गेले. आठ दिवसांत परत आले. एकट्या माझेच नाहीत, भाड्याची सूट घेणाऱ्या सगळ्यांचे. सर तणतणत यवतमाळला भांडायला गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं चुपचाप परत आले.

"डीए राह्यला," ते म्हणाले.

झालं होतं असं की आमच्या खात्यात घरभाडे भत्ता निघतो तो निव्वळ मूळ पगारावर. महागाई भत्त्याचा त्यात संबंध नाही. मग सूटही मूळ पगारावरच निघणार असं सगळे धरून चालले होते, आमच्या स्टाफरूममध्ये कोणी ते कधी तपासून पाहिलंच नव्हतं. आयकरवाले मात्र पगार म्हणताना महागाई भत्ताही धरतात, कारण आमचा तो निवृत्तीच्या हिशेबात धरला जातो. दोन्ही मिळून माझा पगार पंच्याऐंशी हजारांच्या वर. त्याचे दहा टक्के साडेआठ हजार. भाडं आठ हजार. वजाबाकी केली तर काही उरतच नाही. दारव्ह्यात राहून, दारव्ह्याच्या भावानं भाडं भरून, मला एका रुपयाची सूट मिळत नव्हती.

"गणिताचे सर तुमी," मी म्हणालो.

"गनित बरोबर होतं," सर म्हणाले. "पगार चुकला."

बायकोनं त्या रात्री पोळ्या लाटता लाटता एवढंच विचारलं, "आता भाडं?" मी म्हणालो, "बाबांना सांगू नको." मार्चच्या पगारात कर कापला गेला, तोही मी मुकाट्यानं गिळला. मला फक्त एवढंच हवं होतं की बाबांनी पुन्हा माझ्या दारात येऊन उभं राहू नये.

पण दारव्ह्यात गोष्ट लपते होय? सर चांगला माणूस, आणि चांगल्या माणसाला चूक पोटात ठेवता येत नाही. चौकात चहावर त्यांनी बाबांची माफी मागितली.

एक एप्रिलला मी पैसे घेऊन ओसरीवर आलो तर खुर्ची नव्हती, पावतीबुक नव्हतं. आत परत आलो. बाबा माझ्या खोलीच्या दारात उभे होते. अंगात रोजची बंडी. चष्मा काढलेला, हातात सोगा.

"ऐकलं म्या," ते म्हणाले. "सूट नाही भेटत म्हन्ते. मंग राहू दे. घर काय, तुयंच हाय. डब्यातले पैसेही तुयेच, त्याले म्या आता हात लावत नाही." काच पुसत राहिले. "तेवढे एक शंभर रुपये देजो. चष्म्याची काडी ढिली झाली, बाजारात दाखवून आनतो. शंभर नाही लागनार, उरले तर परत देतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं की मी चिडतो, ही माझी जुनी सवय.

"शंभर कायचे?" मी ओरडलोच. "म्या फुकट राहनारा मानूस नाही. भाडं घ्या अन् पावती द्या. अन् नळ वर्षभर गळून राह्यला, तो कोन दुरुस्त करनार? असा घरमालक असते का कुठी?"

बाबांनी हातातला सोगा सोडला. चष्मा डोळ्यांवर चढवला. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "बाबा, घ्या तुमी. आन् नळाचं बराबर हाय ह्यांचं."

बाबांनी नोटा घेतल्या. दोनदा मोजल्या. आत जाऊन पावतीबुक आणलं, उभ्या उभ्या लिहिलं. पावती माझ्या हातात देताना म्हणाले, "तिकीट नाही लावलं. आता सरकारले कुठी दाखवाची हाय?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर न्हाणीत नळवाला बसला होता. नवा पितळी नळ बसवून झाला होता, तो हात धूत होता. मला पाहून म्हणाला, "सर, साडेतीनशे झाले."

मी खिशात हात घातला तेवढ्यात ओसरीवरून बाबांचा आवाज आला, शेजारच्यांना ऐकू जाईल असा.

"त्याले काहून मांगतं रे? भाडेकरू हाय तो!"